१५०० मीटरचं पोहणं घड्याळात १७२० कसं दाखवतंय? वाकडं पोहल्याने नक्की किती वेळ जातो?

पूर्णाकाठचा (परभणी)
मंडळी नमस्कार. येलदरीच्या बॅकवॉटरला आम्ही तिघं जण रविवारी सकाळी पोहतो, परवानगी काढलेली आहे आणि मासेमारीवाल्या भावाची होडी सोबत असते त्यामुळे तो विषय इथं नको. दोन निळी पिंपं दगड बांधून २५० मीटर अंतरावर सोडलीत, एकाला वळसा घालून दुसऱ्याकडे यायचं, असे तीन फेरे म्हणजे १५००. परवा पोहलो तर वेळ लागला ३७ मिनिटं २० सेकंद आणि मनगटावरचं घड्याळ म्हणतंय १७२० मीटर! म्हणजे २२० मीटर मी फुकट पोहलो. वर नकाशात बघितलं तर रेघ अशी की दारू पिऊन गाडी चालवल्यासारखी. पूलमध्ये माझा १०० मीटरचा पेस २:१० आहे, त्या हिशोबाने १५०० ला साडेबत्तीस मिनिटं पाहिजेत. आणि गंमत म्हणजे १७२० ला ३७:२० भागलं तर बरोब्बर २:१० च येतंय. म्हणजे घड्याळ खरं बोलतंय आणि माझी जवळपास पाच मिनिटं निव्वळ वाकडं पोहण्यात जायलीत. जानेवारीत ट्रायथलॉन करायचा विचार आहे, १५०० चंच पोहणं असतं त्यात. काय करावं?

विहीरवाले_काका
सरळ पोहायला आधी पाय सरळ पाहिजेत. आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलो, चार दिवसांत डबा सुटला. तुम्ही कोणत्या वयात शिकला? मोठेपणी शिकलेल्या माणसाचं पाणी वाकडंच राहतं.

पूर्णाकाठचा
काका पोहता येतंय हो, बारा वर्षांचा होतो तेव्हा शिकलो, तेही विहिरीतच. प्रश्न अंतराचा आहे.

बीडचा_बाणा
भाऊ सोपं आहे. डोकं वर काढून बघतच नाहीस तू. दर सहा हाताला बघायचं, डोळे झाकून हा नियम पाळ. मी सहाला बघतो आणि माझी रेघ फुटपट्टीसारखी येते. वाकडं पोहणं म्हणजे वेळेचा सगळ्यात मोठा चोर, बाकी टेक्निक वगैरे नंतर.

अंबड_एक्सप्रेस
"डोळे झाकून" बघायचं 😄

निवृत्त_मास्तर (नांदेड)
पूर्णाकाठचे, तुमचा भागाकार बरोबर आहे पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो, शाळेत गणित शिकवायचो त्यामुळे सवय आहे, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, १५०० चे १७२० म्हणजे जवळजवळ १५ टक्के जास्त. सरळ रेषेपासून सतत एकाच कोनात डावी-उजवी करत गेलात तर किती टक्के वाढतं बघा. १० अंश वाकडं गेलात तर फक्त दीड टक्का वाढतं. २० अंशाला साडेसहा टक्के. १५ टक्के वाढायला साधारण ३० अंश वाकडं जावं लागतं, तेही एखाद्या वेळी नाही तर सबंध १५०० मीटरभर. ३० अंश म्हणजे घड्याळातल्या बारा आणि एकमधला कोन. तुम्ही पिंपाकडे तोंड करून निघता आणि सबंध वेळ एक वाजल्याच्या किंवा अकरा वाजल्याच्या दिशेने पोहता? होडीवाल्याने हाका मारल्या असत्या तुम्हाला.

दुसरी गोष्ट, पूलचा २:१० खुल्या पाण्यात लागूच होत नाही. तुमचा पूल २५ मीटरचा असणार. १५०० मीटरमध्ये ५९ वेळा भिंतीला पाय लावून ढकलता, प्रत्येक ढकल्यात एखादा सेकंद वाचतोच. तलावात भिंत नाही. म्हणजे सरळ रेषेत पोहला असतात तरी साडेबत्तीसच्या वर मिनिट-दीड मिनिट लागलंच असतं. मग १७२० मीटरवर २:१० कसा निघेल? तो निघाला याचाच अर्थ अंतर फुगलेलं आहे आणि योगायोगाने आकडा जुळला.

पूर्णाकाठचा
सर हे तर डोक्यातच आलं नव्हतं. पण मग घड्याळ खोटं कशाला बोलेल? रस्त्यावर पळताना तर बरोबर दाखवतं.

निवृत्त_मास्तर
पळताना मनगट सारखं उघड्यावर असतं. पोहताना ते दर हाताला पाण्यात बुडतं आणि जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली जात नाही. हात हवेत आला की घड्याळाला घाईघाईत जागा पकडायची असते, ती पाच-दहा मीटर इकडे नाहीतर तिकडे पडते. असे चुकलेले ठिपके जोडले की रेघ नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते, आखूड होतच नाही. म्हणून मनगटावरचं अंतर बहुतेक वेळा जास्तच येतं. तुमची दारू प्यायलेली रेघ अर्धी तुमची आणि अर्धी घड्याळाची आहे.

एक करा. पुढच्या रविवारी घड्याळ टोपीच्या आत, डोक्याच्या मागच्या बाजूला ठेवा. तिथं ते जवळपास सगळा वेळ पाण्याबाहेर राहतं. मित्राचं घड्याळ मनगटावर बांधा. दोन्ही आकडे इथं टाका.

लातूरची_ताई
सर बरोबर म्हणायलेत. माझं स्वतःचं सांगते, मालवणला चिवला बीचवरच्या स्पर्धेला पोहले होते तेव्हा मनगटावरचं अंतर खूप जास्त आलं होतं, मी दोन दिवस रडत बसले की एवढं वाकडं पोहले. पण सोबतच्या मैत्रिणीने फ्लोटवर घड्याळ बांधलं होतं, तिचं जवळपास बरोबर आलं आणि आम्ही दोघी शेजारी शेजारीच होतो.

आता खरी फजिती. आमच्याकडे मांजराच्या पाण्यात सराव करताना मी एकदा तब्बल पाच-सात मिनिटं पांढऱ्या बोयाकडे पोहत होते, जवळ गेले तर तो जाळ्याला लावलेला थर्माकोल! मच्छीमार भाऊ तराफ्यावर बसून बघत होता, म्हणाला बाई मासे पाहिजेत का. तेव्हापासून पिंपाच्या मागे काठावरची मोठी वस्तू धरते, पाण्याची टाकी नाहीतर देवळाचं शिखर. पिंप लाटेत दिसत नाही, टाकी कुठं जात नाही.

बीडचा_बाणा
मास्तर सगळं ठीक पण १० अंशाला दीड टक्का हे पटत नाही. १५०० मीटरमध्ये मी एकदा २५ मीटर बाजूला गेलो होतो, तिथंच मिनिट गेलं माझं.

निवृत्त_मास्तर
बाणा साहेब, कागद घ्या. दोन पिंपांमध्ये २५० मीटर. तुम्ही सरळ जायच्या ऐवजी मध्यावर २५ मीटर बाहेर गेलात आणि तिथून पिंपाकडे आलात. एक बाजू १२५, दुसरी २५, कर्ण निघतो १२७.५. असे दोन म्हणजे २५५. वाढलं किती? ५ मीटर. सात सेकंद. काठावरच्या बायकोला वाटतं हा कुठं निघाला, पण वेळ सात सेकंद गेला. तुमचं मिनिट गेलं ते थांबून, गॉगल पुसून, पिंप कुठंय ते शोधण्यात गेलं असणार.

किती लांब भरकटलो याला महत्त्व नाही, कोणत्या कोनात पोहत होतो याला आहे. मोठा पण सावकाश बाक स्वस्त पडतो. दर ४०-५० मीटरला जोरात वाकणं आणि झटका देऊन परत येणं, ते महाग पडतं, मग भले तुम्ही मधल्या रेषेपासून दहा-पंधरा मीटरच्या पलीकडे कधी गेला नसाल.

अंबड_एक्सप्रेस
सर तुम्ही बीडवाल्याला वजा केलं 😂 पण मुद्दा आवडला. जिकडे नुसती रेघ बघून घाबरतात तिकडे उपयोग नाही म्हणजे.

पूर्णाकाठचा
मंडळी आकडे आले. काल पुन्हा तीन फेरे. वारा नव्हता, पाणी आरशासारखं. वेळ ३६:५०. मनगटावर १७०५, टोपीत १५९०. सर तुम्हाला साष्टांग. एकाच माणसाचं एकाच वेळी ११५ मीटरचा फरक!

म्हणजे खरे जास्तीचे ९० मीटर धरायचे ना? ३६:५० ला १५९० ने भागलं तर १०० ला २:१९ येतंय. ९० मीटर गुणिले तो पेस म्हणजे साधारण १२५ सेकंद. दोन मिनिटं. उरलेली सव्वादोन मिनिटं भिंती नसल्याची, डोकं वर काढल्याची, पिंपाला लांबून वळसा घातल्याची.

एक शंका. पिंपाची दोरी ९ मीटर आणि पाणी ६ मीटर खोल, म्हणजे पिंप सहा-सात मीटर इकडे तिकडे फिरू शकतं. मूळ २५० च चुकीचे असतील तर?

निवृत्त_मास्तर
वाऱ्याने सरकली तर दोन्ही पिंपं एकाच दिशेला सरकतील, मधलं अंतर तेवढंच राहतं. वाराच नसेल तेव्हा मात्र कोण कुठं तरंगेल सांगता येत नाही, तेव्हा दोरी जरा आखूड करा. एका लांबीला पाच मीटरचा फरक पडला तरी सहा लांब्यांत ३० होतात, म्हणून ९० हा आकडा अंदाजाचाच धरा.

आता खरं काम. तुम्ही किती हातांनी डोकं वर काढता?

पूर्णाकाठचा
मोजलं नव्हतं, काल मित्राने होडीतून मोजलं. कधी ४० कधी ५५. साधारण एका हातात एक मीटर जातो मी. आणि प्रत्येक वेळी पिंप उजवीकडून शोधायला लागतंय असं वाटतं, म्हणजे मी डावीकडे गेलेलो असतो.

निवृत्त_मास्तर
छान, म्हणजे तुम्ही नागमोडी नाही, एकाच बाजूला वळता, बैलगाडीचं एक चाक लहान असल्यासारखं. हे मोजता येतं. पूल सकाळी रिकामा असतो तेव्हा मध्यातून निघा, डोळे मिटा, सावकाश २५ मीटर पोहा, भिंतीला कुठं लागता ते बघा. दोन-तीनदा करा. शेजारी कुणी उभं राहू द्या, नाहीतर डोकं फुटेल.

पूर्णाकाठचा
केलं. तीनही वेळा डावीकडे. ३.५, ४ आणि ४.५ मीटर. तिसऱ्यांदा शिडीला लागलो.

निवृत्त_मास्तर
म्हणजे ४ धरू. आता गंमत बघा, यासाठी मी वहीची तीन पानं घालवलीत.

२५ मीटरमध्ये ४ मीटर वळता म्हणजे तिथं पोचेपर्यंत तुमचं तोंड १८ अंश फिरलेलं असतं. तेव्हाच डोकं काढून बघितलंत आणि पिंपाकडे सरळ झालात तर त्या २५ मीटरमध्ये पिंपाच्या दिशेने तुम्ही अर्धा मीटरसुद्धा गमावलेला नसतो. पण बघितलंच नाही आणि ५० पर्यंत तसेच गेलात तर बाजूला ८ नाही, १६ मीटर जाता, तोंड ३६-३७ अंश फिरतं, आणि पिंपाच्या दिशेने साडेतीन मीटरच्या आसपास गमावता. बघण्याचं अंतर दुप्पट केलं की फुकटचं अंतर दुप्पट नाही, टक्क्यांत चौपट होतं. इथं सगळा खेळ आहे.

सबंध १५०० ला लावा. दर २५ मीटरला बघितलं तर २५-२६ मीटर वाढतात. दर ५० ला बघितलं तर १०० च्या आसपास. तुमचे ९० मीटर आले ना? ते साधारण ४७ मीटरला एकदा बघितल्यासारखे आहेत, आणि मित्राने होडीतून मोजलं ४० ते ५५. बसलं की नाही.

बीडचा_बाणा
मग मी काय म्हणत होतो! सहा हाताला बघा!

निवृत्त_मास्तर
निम्मं बरोबर म्हणत होतात. बघणंसुद्धा फुकट नसतं. डोकं वर काढलं की कंबर-पाय खाली जातात, वेग पडतो. एका वेळेला अर्धा सेकंद धरू, कुणाचा कमी कुणाचा जास्त. ५० मीटरला बघितलं तर ३० वेळा, १५ सेकंद. २५ ला ६० वेळा, ३० सेकंद. तुमच्या सहा हाताला म्हणजे २५० वेळा, दोन मिनिटं पाच सेकंद! सरळ रेघेसाठी दोन मिनिटं मोजताय तुम्ही. पूर्णाकाठचे वाकडे पोहून दोन मिनिटं घालवतात, तुम्ही सरळ पोहून.

त्यांच्यासारख्या वळणाला दोन्ही खर्च मिळून कमीत कमी येतो १८ मीटरच्या आसपास, साधारण मिनिटभर. पण १२ ला बघा नाहीतर २५ ला, फरक पाच-दहा सेकंदांचाच पडतो. तिथं जीव काढू नका. खड्डा पडतो तो ३५-४० च्या पुढे गेल्यावर.

बीडचा_बाणा
माझा अर्धा सेकंद जात नाही. मी नुसते डोळे काढतो.

लातूरची_ताई
बाणा भाऊ बहुतेक जणांना तसं वाटतं, व्हिडिओ काढून बघा एकदा. मलाही वाटायचं. पाण्यात बसलेली म्हैस बघा, डोळे आणि नाकपुड्या तेवढ्या वर. तसं बघायचं, डोळे वर आणि तोंड पाण्यातच, मग त्याच हाताला बाजूला वळून श्वास. मी आधी बघता बघताच समोरून श्वास घ्यायचे, तिथं मान पूर्ण वर येते आणि पाय बुडतात. आणि एका बघण्यात पिंप दिसलंच पाहिजे असं नाही, पहिल्या नजरेला लाट आडवी आली तर पुढच्या हाताला लगेच दुसरी, थांबून शोधत बसायचं नाही.

सर एक विचारते, तुमचं गणित वळण कायम एकसारखं आहे असं धरून आहे. माझं तसं नाही. ताजी असते तेव्हा सरळ, हजार मीटरनंतर उजवा हात दमला की वळायला लागते.

निवृत्त_मास्तर
मान्य. दमल्यावर वळण वाढतं, लाट बाजूने आली की बदलतं, पुढच्याच्या पायामागे पोहत असाल तर त्याचं वळण तुमचं होतं. माझा हिशोब एका माणसाच्या एका सकाळचा आहे. तुमच्यासाठी शेवटच्या पाचशेत जास्त वेळा बघणं हाच उपाय.

विहीरवाले_काका
पण मास्तर डोळे मिटून माणूस वळतोच का? तेच दुरुस्त केलं तर बघायचीच गरज नाही.

निवृत्त_मास्तर
काका हा प्रश्न खरा लाखाचा. पूर्णाकाठचे, श्वास कोणत्या बाजूला घेता?

पूर्णाकाठचा
उजवीकडे, कायम.

लातूरची_ताई
मग श्वास घेताना डावा हात पुढे टेकायला राहतो आणि तो शरीराच्या मध्यरेषेच्या पलीकडे उजवीकडे जात असेल तर ओढताना बाहेर ढकलतो. पण यात माझं ऐकू नका, माझ्या कोचने मला उलटं सांगितलं होतं. व्हिडिओ समोरून काढा, कोणता हात मध्यरेषा ओलांडतो ते दिसेल.

बीडचा_बाणा
श्वास उजवीकडे म्हणजे वळण उजवीकडे, सगळ्यांचं असंच असतं. हे भाऊ डावीकडे जायलेत म्हणजे पूलच तिरका आहे 😄

निवृत्त_मास्तर
सगळ्यांचं एकसारखं नसतं. माझ्याकडे पोरं दोन्ही प्रकारची आली. मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

पूर्णाकाठचा
तीन आठवड्यांनी वर काढतोय धागा. दर २० हाताला बघायचं ठरवलं, म्हशीसारखं 🐃. पहिल्या दोन रविवारी गोंधळ, मोजताना श्वास चुकायचा, हात १४ झाले की १७ तेच कळेना. शेवटी श्वासच मोजायला लागलो, दर दहाव्या श्वासाला बघायचं. तिसऱ्या रविवारी टोपीतलं अंतर १५४०, वेळ ३५:५८. म्हणजे ५० मीटर वाचले, त्याचे ७० सेकंद व्हायला पाहिजेत, पण वेळ ५२ सेकंदच वाचला. उरलेले १८ सेकंद जास्तीच्या बघण्यात गेले असावेत, ४५ वेळा जास्त बघितलं म्हणजे एका वेळेला ०.४ सेकंद. सरांचा अर्धा सेकंद बऱ्यापैकी जवळ आला.

एक अडचण मात्र राहिली. पूर्वेकडे जाताना सात-साडेसातला ऊन सरळ डोळ्यात येतं, पिंप दिसतच नाही, १५४० मधले बरेचसे जास्तीचे मीटर त्याच तीन लांब्यांमधले आहेत, नकाशात दिसतंय. परत येतानाची रेघ एकदम छान.

अंबड_एक्सप्रेस
पण त्या दिवशी वारा कसा होता? मागून असेल तर ५२ सेकंद वाऱ्याचे.

पूर्णाकाठचा
थोडा होता. पण फेरा आहे ना, जाताना मागून तर येताना समोरून.

अंबड_एक्सप्रेस
समोरून जेवढा खातो तेवढा मागून परत देत नाही. एकाच दिवसावर भरवसा ठेवू नका, अजून दोन-तीनदा करा.

निवृत्त_मास्तर
एक्सप्रेस बरोबर आहेत, एका आकड्यावर मीही पैज लावणार नाही. उन्हाचं असं करा, निघायच्या आधी मागे वळून पश्चिमेकडच्या काठावर काय दिसतं ते ठरवा. श्वासाला मान वळते तेव्हा खांद्यामागे काठ किती तिरका दिसतो त्यावरून दिशा धरता येते. किंवा पिंपं उत्तर-दक्षिण सोडा, सरावाला काय, स्पर्धेत मात्र ऊन जिथं असेल तिथंच असणार.

लातूरची_ताई
काळसर काचेचा गॉगल लावून बघा आधी, साधा पारदर्शक असेल तर.

पूर्णाकाठचा
पारदर्शकच आहे ताई. मागवतो.

विहीरवाले_काका
ते निळं पिंप केवढ्याला पडलं? आमच्या शेततळ्यात नातवासाठी सोडायचं आहे.